आठातले चार

प्रियंकानं तीन वर्षांत एकही टेस्ट चुकवली नाही. याचं तिला स्वतःला काही कौतुक नव्हतं. टेस्ट आहे म्हटल्यावर जायचं, एवढंच तिला कळायचं.

ती सांगोल्याकडची. वडील बिरप्पा मेंढरं राखतात. आई गोजाबाई त्यांच्या मागून फिरते, नाहीतर दोन एकरांत बाजरी बघते. बारावीनंतर पोरगी सोलापूरला बीएस्सीला आली, केमिस्ट्री घेतली, मुलींच्या वसतिगृहात राहिली. पहिल्या वर्षी ती वर्गात बोलायचीच नाही. तोंडून 'हितं', 'तितं' निघालं की मागचा बाक हसायचा. मग तिनं बोलणं सावकाश केलं. शब्द आधी मनात घोळवून मग बाहेर काढायची. अभ्यासही तसाच. रोज पहाटे पाच ते सात. परीक्षा उद्या असो की दोन महिन्यांनी, पाच ते सात.

तिला कधी वीसपैकी वीस पडले नाहीत. पण तेराही पडले नाहीत. सोळा, सतरा. सतरा, सोळा.

"तू पोरगी आहेस का घड्याळ आहेस गं?" चंद्रिका म्हणायची.

चंद्रिका भवानी पेठेतली. वडिलांचं शिवणाच्या दोऱ्यांचं छोटं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. घरात कन्नड, दुकानात मराठी. पहिल्या वर्षी मागचा बाक हसला तेव्हा तीच वळून म्हणाली होती, "हसताय काय? तुमच्या आज्या काय इंग्लंडहून आल्या काय?" आणि उठून प्रियंकाशेजारी येऊन बसली. तेव्हापासून ती जागा बदललीच नाही. रविवारी वसतिगृहात संध्याकाळचं जेवण नसायचं, म्हणून रविवारी प्रियंका भवानी पेठेत. चंद्रिकाची आई जिन्यातूनच हाक मारायची, "बा, ऊट माडू," आणि कडक भाकरी, दही, चटणी पुढ्यात ठेवायची. तेवढं कन्नड प्रियंकाला पहिल्याच महिन्यात आलं.

चंद्रिका हुशार होती. प्रियंकाला दोन तास लागायचे ते तिला वीस मिनिटांत उमगायचं. पण मन लागलं तरच. नाहीतर वही उघडायची नाही, टेस्टलाही यायची नाही. वर्गप्रतिनिधी मात्र तीच. बोलणं तिच्याकडे होतं, आणि शिक्षकांसमोर उभं राहायला ती घाबरत नसे.

शेवटच्या सत्रात ईश्वरप्पा सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर नियम मांडला. सर चाळिशीचे, शांत, खडूचे तुकडे खिशात ठेवणारे. दर दुसऱ्या बुधवारी एक टेस्ट, वीस मार्कांची. एकूण आठ. आठातल्या ज्या पाच चांगल्या, त्याच धरायच्या. त्या पाचांचे शंभरपैकी जे होतील ते चाळीसवर आणायचे, तेच अंतर्गत मूल्यमापन. चाळीसपैकी सोळा पडले नाहीत तर नापास. गैरहजर राहिलात तर शून्य, पण तो शून्यही सोडलेल्या तीनांत बसत असेल तर बसू द्या.

ईरप्पानं हात वर केला. मागच्या बाकावरचा, उंच, नेहमी झोप उडालेल्या डोळ्यांचा. पाच कुठल्या ते कोण ठरवणार, असं त्यानं विचारलं. वर्गाची सरासरी ज्यात चांगली त्या पाच का?

"नाही. प्रत्येकाच्या पाच वेगळ्या," सर म्हणाले. "तुझी तिसरी चांगली असेल तर तुझी तिसरी धरू. हिची तिसरी वाईट असेल तर हिची सोडू. माणसाचा एखादा दिवस वाईट असतो. तो त्याच्या डोक्यावर कायमचा बसू नये, म्हणून हे."

वर्ग खूश झाला. तीन बुधवार मोकळे, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. प्रियंकानं वहीच्या शेवटच्या पानावर एक ते आठ आकडे घातले आणि पुढे जागा सोडली.

त्या सत्रात तिच्यासाठी एक गोष्ट पणाला लागली होती. श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दरवर्षी विभागातून एकजण प्रशिक्षणाला घेत. वर्षभराचं काम. उसाच्या रसातली साखर तपासायची, शुद्धता काढायची, नोंदी ठेवायच्या. राहायला खोली. वर्षानंतर बहुतेकांना ठेवून घेत. विद्यापीठाचा निकाल जुलैत लागे आणि कारखाना नाव मेच्या आधी मागे. म्हणून शेवटच्या सत्राच्या अंतर्गत गुणांत जो पहिला, त्याचं नाव जाई. दुसरं काही बघत नसत.

प्रियंकाला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे, ती नसली तर पुढे काय हे तिला दिसत नव्हतं. एमएस्सीला घरातून दोन वर्षं आणखी निघणार नव्हती. बिरप्पांनी सांगून ठेवलं होतं, "नोकरी लागली तर लग्नाचं थांबवतू. न्हाय लागली तर पावणं यायला लागल्यात, त्यास्नी किती दिवस न्हाय म्हनू?" ते रागानं बोलले नव्हते. म्हणूनच तिला ते खरं वाटलं.

चंद्रिकाला हे सगळं माहीत होतं. एका रविवारी जेवता जेवता तीच म्हणाली होती, "ती जागा तुझीच की. माझं काय, मी बुडवत बसणार. तू श्रीपूरला गेलीस की मी येणार राहायला, साखर खायला." आई हसली होती. प्रियंकाही.

बुधवार जात राहिले. प्रियंकाच्या वहीत सतरा, सोळा, सतरा, सतरा असं भरत गेलं. चंद्रिकाला पहिल्या दोनांत एकोणीस आणि वीस. तिसरीला ती आलीच नाही. चौथीला आली, पाच पडले. पाचवीत अठरा. सहावीला घरी पाहुणे. सातवीत पुन्हा एकोणीस. पेपर परत मिळाले की ती प्रियंकाच्या वहीतला आकडा बघायची आणि मान हलवायची. बघ, घड्याळ.

मध्ये फेब्रुवारीत शिवानंदला कावीळ झाली. तो पुढच्या बाकावरचा, चष्मा, अक्षर मोत्यासारखं. दवाखान्यात आठ दिवस, मग अक्कलकोटजवळ गावी दीड महिना. तिसरीपासून सहावीपर्यंत त्याच्या चार टेस्ट गेल्या. पहिल्या दोन आणि परत आल्यावर शेवटच्या दोन, एवढ्याच त्यानं दिल्या. पाच धरायच्या तर त्याच्याकडे चारच. पाचवा शून्य.

आठवी टेस्ट अवघड निघाली. रसाच्या शुद्धतेची सगळी गणितं. प्रियंकाला सतरा पडले. चंद्रिका आदल्या दिवशी मावसबहिणीच्या हळदीला होती. तिला सात. पेपर हातात पडल्यावर तिनं त्याची चौघडी करून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन आली.

अर्ज साधा होता. वर्गातला एक विद्यार्थी आजारपणामुळे चार टेस्टना बसू शकला नाही, त्याचं नुकसान होऊ नये, म्हणून आठातल्या पाचाऐवजी आठातल्या चार टेस्ट धराव्यात. खाली एकतीस नावं, नावापुढे सहीची जागा. विभागात जुनी रीत होती. सत्र सुरू झाल्यावर मूल्यमापनाचा नियम बदलायचा तर वर्गातल्या प्रत्येकाची सही लागे. एकाचीही नसेल तर अर्ज विभागप्रमुखांकडे जात नसे. कुणावर अन्याय होऊ नये, म्हणून.

प्रियंका प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होती. चंद्रिका आली तोवर तीस सह्या झाल्या होत्या.

"तुझी तेवढी राहिली," ती म्हणाली. "शिवानंदचं बघवत नाही गं."

प्रियंकानं हात पुसले. अर्ज वाचला. तिला वाचायला वेळ लागे. मग तिनं विचारलं की यानं बाकीच्यांचं काय होईल.

"काय होणार? कुणाचाच मार्क कमी होत नाही. पाचातला जो सगळ्यात वाईट, तोच गळतो. वाईट गळल्यावर सरासरी वर जाईल, नाहीतर तिथंच राहील. खाली जाईल काय? तूच सांग."

प्रियंकानं मनात करून बघितलं. तिच्या चांगल्या पाच सगळ्या सतराच्या. पंच्याऐंशी. चाळीसवर चौतीस. चार धरल्या तर अडुसष्ट, ऐंशीपैकी. चाळीसवर आणायचे म्हणजे निम्मे करायचे. चौतीस. खरंच, तिथंच.

"बघ, तुझं काय जातंय?" चंद्रिका म्हणाली.

तिचं काहीच जात नव्हतं. आणि शिवानंद डोळे पिवळे घेऊन बस स्टँडवर उभा होता ते तिनं बघितलं होतं. तिनं सही केली. ओल्या बोटाचा डाग सहीखाली उमटला. चंद्रिकानं कागदावर फुंकर घातली आणि तिच्या गालाला हात लावून गेली.

पुढच्या मंगळवारी तात्पुरती यादी लागली. शनिवारी दुपारी एकपर्यंत हरकती, असं वर लिहिलेलं. पोरं पुढे गर्दी करून होती आणि सगळी हसत होती. त्या सगळ्यांचे वाढले होते. ईरप्पा तर ओरडतच बाहेर आला.

प्रियंकानं आपला आकडा शोधला. चौतीस. बरोबर होतं. मग क्रम बघितला. तीन.

तिला वाटलं, ओळ चुकली. तिनं बोट ठेवून परत वाचलं. पहिली चंद्रिका, अडतीस. दुसरा शिवानंद, साडेचौतीस. तिसरी ती. खाली निराळ्या ओळीत: कारखाना प्रशिक्षणासाठी शिफारस, चंद्रिका.

ती वसतिगृहात गेली. वही काढली. चंद्रिकाचे आकडे तिला वहीशिवायही पाठ होते. एकोणीस, वीस, अठरा, एकोणीस. शहात्तर. निम्मे अडतीस. मग तिनं पाचवा घातला, सात. त्र्याऐंशी. पाचाच्या नियमानं प्रियंका पंच्याऐंशी, चंद्रिका त्र्याऐंशी. दोन मार्कांनी प्रियंका पहिली होती. आठ बुधवार जाऊन पहिली होती.

चार धरल्यावर चंद्रिकाचा सात गळला. शिवानंदचा शून्य गळला. प्रियंकाचा एक सतरा गळला आणि जागेवर दुसरा सतरा होताच. तिच्याकडे गाळायला वाईट काही नव्हतं. ज्याच्याकडे वाईट होतं तो वर चढला. ती हलली नाही, आणि न हलल्यामुळे तिसरी झाली.

सही करताना तिनं आपला आकडा करून बघितला होता. दुसऱ्याचा बघायचा असतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मार्क आपले असतात, असंच ती समजत आली होती.

पण तेव्हाही तिला चंद्रिकाचा राग नव्हता. चंद्रिकालाही ध्यानात आलं नसेल, असंच तिला वाटलं. ती नुसती विचारायला म्हणून सरांकडे गेली.

ईश्वरप्पा सरांनी तिची वही बघितली. बराच वेळ बघितली. खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, तुला माहीत असेल," ते म्हणाले. "तुझी सही होती ना."

शिवानंदसाठी केली, असं ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. ते म्हणाले की शिवानंदसाठी त्यांनी मार्चमध्येच उपाय सांगितला होता. वैद्यकीय दाखला आण, तुझ्या एकट्याची फेरपरीक्षा घेतो, राहिलेल्यातल्या दोन. त्यासाठी कुणाची सही लागत नाही, नियम बदलावा लागत नाही. वर्गप्रतिनिधी म्हणून चंद्रिकाकडे निरोप दिला होता. ती दोन दिवसांनी येऊन म्हणाली, त्याला अशक्तपणा आहे, फेरपरीक्षा नको म्हणतोय. मग आठवीनंतर हा अर्ज आला.

"मी विचारायला हवं होतं त्याला," सर म्हणाले. "पण एकतीस सह्या बघितल्या. एकतीस जणांना मान्य आहे म्हटल्यावर मी कोण?"

प्रशिक्षणाचं नाव तरी जुन्या नियमानं जाऊ शकत नाही का, असं तिनं विचारलं. नाही, ते म्हणाले. कारखाना अंतर्गत गुणांचा एकच आकडा मागतो आणि तो यादीतलाच असावा लागतो. दोन याद्या करता येत नाहीत. मग ते थांबून म्हणाले, की एक आहे. शनिवारी एकपर्यंत तू सही मागे घेऊ शकतेस. एक सही गेली की अर्ज पडतो. सगळ्यांचे परत पाचावर येतील.

शिवानंद ग्रंथालयाच्या पायरीवर सापडला. फेरपरीक्षेबद्दल विचारल्यावर त्यानं चष्म्यातून तिच्याकडे बघितलं.

"कुठली फेरपरीक्षा? मला कुणी विचारलंच नाही." मग त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. "मी दिली असती की. मी तर गावाकडं रिकामाच बसून होतो." तो उठून उभा राहिला, परत बसला. म्हणाला, "प्रियंका, मला खरंच ठाऊक नव्हतं." तिनं मान हलवली. त्याचं खरं होतं. त्याच्या आजारपणाचं कुणी काय केलं, हे त्याला सगळ्यात शेवटी कळत होतं.

शिवानंद फेब्रुवारीत आजारी पडला. अर्ज एप्रिलमध्ये आला, आठव्या टेस्टनंतर. चंद्रिकाला सात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. हे दोन दिवस प्रियंकानं शेजारी शेजारी ठेवले आणि मग ते तिला वेगळे करता येईनात.

बुधवारी संध्याकाळी ती भवानी पेठेत गेली. रविवार नव्हता, तरी चंद्रिकाच्या आईनं पान वाढायला घेतलं. भूक नाही म्हटल्यावर ती म्हणाली, पोरी परीक्षेनं वाळतात. आणि आत गेली.

चंद्रिका गच्चीवर कपडे काढत होती. प्रियंकानं एकच विचारलं. सरांचा निरोप शिवानंदला का दिला नाहीस?

चंद्रिकानं दोरीवरची चादर काढली, घडी घातली. "विसरले," ती म्हणाली.

"सरांना सांगितलंस, तो नको म्हणतोय."

चादरीची दुसरी घडी पडली. मग चंद्रिका वळली. तिचा आवाज चढला नाही.

"बरं. नाही दिला. मग? तुझा एक मार्क तरी कमी झाला काय? सांग की. चौतीस होते, चौतीस आहेत. मी तुझ्या ताटातलं काही उचललं काय?"

"मी पहिली होते."

"दोन मार्कांनी. शंभरात दोन." चंद्रिका हसली, पण ते हसू तिला धरता आलं नाही. "चार टेस्टमध्ये मी तुझ्या किती पुढं आहे बघितलंस? आठ मार्क. मला जास्त येतं, प्रियंका. तुला पण ठाऊक आहे. तू रोज येतेस म्हणून तुला द्यायचं का? एका हळदीपायी माझं सगळं जायचं? मला पण इथून बाहेर पडायचं आहे. खाली दोऱ्याची रिळं मोजत मरायचं नाही मला."

प्रियंकाला यातलं काही खोटं म्हणता आलं नाही. चंद्रिकाला जास्त येत होतं. चार चांगल्या टेस्ट धराव्यात की पाच, यातलं न्यायाचं कुठलं, हे तिला आजही सांगता आलं नसतं. जानेवारीत सरांनी चार सांगितल्या असत्या तर तिनं तेही वहीत लिहून घेतलं असतं आणि हरली असती तर गप्प बसली असती. पण पाच ठरल्या होत्या. आकडे पडल्यावर, सगळ्यांचे बघून झाल्यावर, त्यातून आपल्याला सोयीचा नियम चंद्रिकानं काढला होता. आणि त्यावर प्रियंकाचीच सही घेतली होती.

"मला सांगायचंस," ती म्हणाली. "की यानं मी खाली जाईन. एवढं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

चंद्रिकानं कपड्यांचा गठ्ठा उचलला. जिन्याकडे जाताना म्हणाली, "तेच की."

रात्री तिनं घरी फोन लावला. बिरप्पा मेंढरांसोबत मंगळवेढ्याच्या बाजूला बसले होते. तिला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. त्यांना ते नीट कळेना. मार्क कमी झाले का? नाही. कुणी खोडले का? नाही. मग लंबर कसा गेला? तिनं दोनदा समजावलं. पलीकडे कुत्रं भुंकत होतं. शेवटी ते म्हणाले, "सही तुजीच हाय न्हवं? मग आता कुनाला काय म्हनायचं, बाळा." आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

शुक्रवारी तिनं सही मागे घेण्याचा अर्ज लिहिला. चार ओळी. कुणाला सांगितलं नाही, फक्त शिवानंदला. सही मागे घेतली तर त्याचे सत्तावीस पॉइंट सहा होणार होते. तो म्हणाला, घे. मी फेरपरीक्षा मागतो, सर देतील. मी चंद्रिकाला पण सांगतो तोंडावर. आणि त्यानं सांगितलं. त्याला वाटलं, आपण बरोबर करतोय.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर चंद्रिकाचा निरोप आला. एक जण उद्या सही मागे घेतेय, सगळ्यांचे मार्क परत खाली येतील, काहीजण नापास होतील, ज्यांना बोलायचं त्यांनी आज बोलून घ्या. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. खाली एकामागून एक येत राहिलं. कोण आहे ती. एकीच्या हट्टापायी तीस जणांनी मरायचं काय. कुणीतरी मेंढीचं चित्र टाकलं. त्यावर सात-आठ हसणारे चेहरे आले.

चंद्रिकानं ते पुसायला सांगितलं नाही.

शनिवारी बारा वाजता प्रियंका विभागात आली तेव्हा जिन्यावर वर्गातली पंधरा-वीस पोरं होती. कुणी अडवलं नाही. सगळी भिंतीला सरकली, वाट दिली. त्या वाटेतून जाणं अडवण्यापेक्षा वाईट होतं. वरच्या पायरीवर ईरप्पा उभा होता. त्यानं काल ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं.

"एक मिनिट येतीस का?" तो म्हणाला.

तो तिला बाजूला घेऊन गेला. त्याच्या हातात चुरगळलेला कागद होता. "मला नीट जमत नाही. बघ की जरा. पाच धरल्या तर माझे किती होतात?"

तिनं कागद घेतला. बारा, दहा, आठ, सहा. पाचवा दोन. बाकीच्या तीन टेस्टना तो आलाच नव्हता. तो पहाटे चारपासून बाजार समितीत गाड्या उतरवतो हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं बेरीज केली. अडतीस. चाळीसवर पंधरा पॉइंट दोन. सोळा लागत होते. चार धरल्या तर छत्तीस, निम्मे अठरा.

"नापास," ती म्हणाली.

"हां." त्यानं कागद परत घेतला. "मला पण तसंच वाटलं होतं." सही मागे घेऊ नको, असं तो म्हणाला नाही. त्यानं तसं म्हटलं असतं तर तिला रागावता आलं असतं.

सर टेबलाशी होते. घड्याळात साडेबारा. तिनं चौघडी केलेला अर्ज हातात धरला होता. ईरप्पाची पण फेरपरीक्षा घेता येईल का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, आजारपणाचा दाखला लागतो. बाजार समितीचा चालत नाही.

ती उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. बाहेर जिन्यावर कुणीतरी हळू बोलत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं. तिनं मोजलं. एका बाजूला श्रीपूरची खोली, प्रयोगशाळा, थांबलेले पाहुणे. दुसऱ्या बाजूला एक झोप उडालेला मुलगा, ज्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता. चंद्रिकानं त्याला मध्ये आणून उभं केलं होतं. पण तो उभा होता हे खरं होतं.

"असू दे, सर," ती म्हणाली.

"नक्की?" सरांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "प्रियंका, पुढच्या वर्षीपासून मी सत्राच्या मध्ये काही बदलणार नाही."

तिला त्याचं काय करायचं ते कळलं नाही. तिनं मान हलवली आणि बाहेर आली.

जिन्यावरच्यांना तिच्या हातातला कागद तसाच दिसला. एकदम सगळे मोकळे झाले. कुणी थँक्यू म्हणालं, कुणी तिची नजर चुकवून खाली उतरलं. ईरप्पा भिंतीला टेकून होता, त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला. आणि गर्दीतून चंद्रिका पुढे आली. तिचे डोळे भरले होते. खरे भरले होते, प्रियंकाला ते ओळखू येत. तिनं प्रियंकाला घट्ट मिठी मारली, खांद्यावर डोकं टेकलं.

"मला ठाऊक होतं," ती कानाशी म्हणाली. "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तू असं करणार नाहीस."

पहिल्यापासून.

सगळ्यांच्या आकड्यांसोबत चंद्रिकानं तेही धरलं होतं. शिवानंदसाठी ती सही करील, हे. कळलं तरी कुणाला नापास करून सही मागे घेणार नाही, हे. तीन वर्षं शेजारी बसून, रविवारी समोर जेवायला वाढून, तिला हे सगळं पाठ झालं होतं. त्यात ती कुठंच चुकली नव्हती.

प्रियंकाचे हात खालीच राहिले. चंद्रिका अजून बिलगून होती. तिच्या केसांना नेहमीच्या तेलाचा वास येत होता. जिन्यावरचे सगळे त्या दोघींकडे बघत होते, आणि त्यांना वाटत होतं की मिटलं.